एक लाख, दोन योजना आणि ६,४०३ रुपये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही गोष्ट आहे तरी काय?

मिरजेतल्या एका गल्लीत किराणा दुकान आहे. दुकानदाराला सगळे अण्णा म्हणतात. वीस जणांची, महिना पाच हजारांची भिशी होती आणि अण्णांचा नंबर शेवटचा लागला. म्हणजे एक लाख हातात आले आणि पुढचा एकही हप्ता भरायचा राहिला नाही. पैसे दुकानात घातले तर मालात जिरतील आणि घरात ठेवले तर लग्नकार्यात जातील, म्हणून पोस्टात टाकायचं ठरलं.

अल्पबचतीचं काम करणाऱ्या ताई दुकानात आल्या आणि त्यांनी दोन कागद समोर ठेवले. एक मासिक उत्पन्न योजनेचा, म्हणजे एमआयएसचा: व्याज ७.४ टक्के, मुदत पाच वर्षं, व्याज दरमहा हातात. दुसरा राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचा, म्हणजे एनएससीचा: व्याज ७.७ टक्के, मुदत पाचच वर्षं, पण सगळे पैसे शेवटी एकदम.

अण्णांनी बिलबुकाच्या पाठीमागे आकडेमोड केली. लाखाला ७.४ टक्के म्हणजे वर्षाला ७,४००, पाच वर्षांचे ३७,०००. लाखाला ७.७ टक्के म्हणजे ७,७००, पाच वर्षांचे ३८,५००. फरक दीड हजाराचा. तेवढ्यासाठी पाच वर्षं पैसे अडकवायचे कशाला? दर महिन्याला सहाशे सतरा रुपये हातात आलेले बरे.

पण ताईंच्या तक्त्यात एनएससीच्या दहा हजारांपुढे १४,४९० लिहिलं होतं. तो आकडा अण्णांना खटकला.

"ताई, तक्ता चुकलाय. या हिशेबानं लाखाचे एक लाख पंचेचाळीस हजार होतात. माझे साडेअडतीसच होतायत वर."

"तक्ता पोस्टाचा आहे अण्णा, माझा नाही."

"मग हे वरचे सहा हजार कोण देतंय?"

गोष्ट एवढीच आहे. अण्णा कल्पित आहेत. दर मात्र खरे आहेत, २०२४-२५ या आर्थिक वर्षातले. हे दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, त्यामुळे पैसे भरण्याआधी पोस्टात ताजा दर विचारून घ्या. एकदा पैसे भरले की या दोन्ही योजनांत तुमचा दर पूर्ण मुदतीसाठी तोच राहतो.

ते वरचे सहा हजार आले कुठून?

पहिल्या वर्षी लाखावर ७,७०० रुपये व्याज होतं. एनएससीत ते तुम्हाला मिळत नाही, मुद्दलात मिसळतं. म्हणून दुसऱ्या वर्षी व्याज लागतं ते १,०७,७०० वर, आणि ते होतं ८,२९२ रुपये ९० पैसे. यातले ७,७०० मूळ लाखाचे. उरलेले ५९२ रुपये ९० पैसे हे पहिल्या वर्षीच्या व्याजाने कमावलेले.

तिसऱ्या वर्षी व्याज ८,९३१ रुपये. चौथ्या वर्षी ९,६१९. पाचव्या वर्षी १०,३६०. वरून एक रुपयाही भरला नाही, दर तोच, तरी शेवटच्या वर्षाचं व्याज पहिल्या वर्षापेक्षा २,६६० रुपयांनी जास्त आहे.

आता फक्त वरची भर वेगळी काढून बघा. पहिल्या वर्षी काहीच नाही. मग ५९३, मग १,२३१, मग १,९१९, मग २,६६०. बेरीज ६,४०३. तक्ता आणि बिलबुक यांच्यातली तफावत हीच. पाच वर्षांनी लाखाचे १,४४,९०३ होतात: एक लाख मुद्दल, ३८,५०० मुद्दलाचं व्याज आणि ६,४०३ व्याजाचं व्याज.

दोन योजनांत एकूण फरक ७,९०३ रुपयांचा पडला. त्यातले दीडच हजार दर जास्त असल्यामुळे पडले, बाकी सगळे व्याज आत राहू दिल्यामुळे. अण्णा मात्र दोन कागदांवरचे दरच ताडून बघत होते. बहुतेक जण तेच करतात.

हा हिशेब साध्या कॅल्क्युलेटरवर होतो का?

होतो, घाताचं बटण लागत नाही. ७.७ टक्के वाढ म्हणजे १.०७७ ने गुणणं. काउंटरवरच्या बऱ्याच कॅल्क्युलेटरांवर असं चालतं:

```
1.077 × 100000 =
= = = =
```

पहिल्या ओळीला 107700 दिसेल. पुढे बरोबरचं बटण प्रत्येक वेळी एकेक वर्ष पुढे नेतं. दुसऱ्यांदा दाबल्यावर 115992.9 आलं तर यंत्र बरोबर चाललंय. वेगळंच काही आलं तर तुमच्या यंत्रात हा शॉर्टकट नाही असं समजा आणि दर वेळी हाताने × 1.077 = करा. काही यंत्रांत पहिल्या ओळीत गुणाकाराचं बटण दोनदा दाबावं लागतं.

अण्णांच्या घरी हा हिशेब वहिनींनी केला. त्या बचत गटाची वही लिहितात. तक्ता बरोबर आहे हे आधी त्यांना पटलं, अण्णांना नंतर.

एमआयएसचं व्याज काढलंच नाही, तसंच राहू दिलं, तर तेही वाढेल ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. अण्णांचाही पहिला सवाल हाच होता: "काढायचं नाही म्हटलं की झालं ना चक्रवाढ?"

नियम असा आहे की एमआयएसचं दरमहा व्याज तुम्ही उचललं नाही, तर त्या न उचललेल्या व्याजावर वेगळं व्याज मिळत नाही. चार वर्षं हात लावला नाही तरी तिथे नुसते हप्ते साठत जातात, आणि पहिल्या महिन्याचे ६१७ रुपये साठाव्या महिन्यातही ६१७च असतात.

व्याज पोस्टाच्या बचत खात्यात आपोआप जमा व्हायची सोय करून घेतली तर थोडं बरं. तिथे ४ टक्के मिळतात. पाच वर्षं त्या खात्याला हात लावला नाही, तर व्याजाचे एकूण ४०,८०० रुपयांच्या आसपास होतात. ३७ हजारांपेक्षा जास्त, पण एनएससीच्या जवळपासही नाहीत. आणि बचत खात्याला पाच वर्षं हात न लावणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही.

एमआयएसचं व्याज आरडीत टाकलं तर?

मग चित्र बदलतं. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीला, म्हणजे आरडीला, याच काळात ६.७ टक्के होते आणि तिथे चक्रवाढ तिमाही असते. महिना १०० रुपये भरले की पाच वर्षांनी साधारण ७,१३७ मिळतात.

आरडीचा हप्ता दहाच्या पटीत लागतो, म्हणून ६१७ पैकी ६१० भरता येतात. त्यांचे पाच वर्षांनी सुमारे ४३,५०० होतात. दर महिन्याला उरलेले सात सात रुपये धरले तर सुमारे ४३,९५०. एनएससीचं व्याज ४४,९०३ होतं. म्हणजे कमी दराची एमआयएस आणि त्याहून कमी दराची आरडी, दोन्ही मिळून एनएससीच्या हजारभर रुपये मागे येऊन थांबतात. फक्त आरडी एमआयएसनंतर महिन्याने सुरू होते, म्हणून तिचे पैसेही महिनाभर उशिरा हातात येतात.

यावरून दिसतं की चक्रवाढ कुठल्या एका योजनेच्या नावावर लिहून दिलेली नाही. व्याज पुन्हा व्याजाला लागलं की ती सुरू होते. एनएससीत ते काम पोस्ट करतं. एमआयएसमध्ये ते तुम्हाला करावं लागतं, साठ वेळा, एकही महिना न चुकवता. बचत खात्यातून आरडीचा हप्ता आपोआप वळता करायची सूचना देता येते. ती पहिल्याच दिवशी द्या. एकदा ते ६१७ रुपये गल्ल्यात पडले की संध्याकाळी दूधवाल्याला जातात.

मग एमआयएस घेऊच नये का?

असं कोण म्हणतं? निवृत्त माणसाला महिन्याचा औषधपाणी आणि लाईटबिलाचा खर्च काढायचा असेल तर एमआयएस त्यासाठीच आहे. त्याला व्याज वाढवायचंच नसतं, वापरायचं असतं. दुकान चालू आहे, घरखर्च त्यातून निघतोय आणि तरीही दरमहा व्याज "हातात येतं" म्हणून घ्यायचं, हे मात्र मला पटत नाही.

एजंट म्हणतात, एनएससीला नऊ टक्के पडतात. हे खरं की खोटं?

हिशेब खरा आहे, बोलण्याची पद्धत फसवी आहे. पाच वर्षांचं व्याज ४४,९०३. त्याला पाचने भागलं की वर्षाला ८,९८१, म्हणजे सरळव्याजाने मोजलं तर जवळजवळ ९ टक्के. त्याच पद्धतीने पैसे दहा वर्षं ७.७ टक्क्यांनी ठेवले तर एजंट "अकरा टक्के" सांगू शकतो. दर तोच, मुदत वाढवली की आकडा फुगतो. म्हणून कोणी "सरासरी परतावा" किंवा "पडतात" असं म्हटलं की दोनच गोष्टी विचारा: मूळ दर किती, आणि व्याज कधी जोडलं जातं?

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही वापरता येते. एखाद्या पतसंस्थेने तुम्हाला ९ टक्के सरळव्याज देऊ केलं तर पाच वर्षांचे ४५,००० होतात. ७.७ टक्के चक्रवाढीपेक्षा फक्त ९७ रुपये जास्त. एवढ्यासाठी पैसे पोस्टातून पतसंस्थेत न्यायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो आणि सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत.

पाच वर्षांनी फरक आठच हजारांचा. यात एवढं काय?

पाच वर्षांत खरंच फार नाही. वर सांगितलेल्या ९ टक्के सरळव्याजाने तर ७.७ टक्के चक्रवाढीला पाच वर्षं मागेच ठेवलं. गंमत त्यानंतर सुरू होते.

समजा, पाच वर्षांनी एनएससीचे १,४४,९०३ जसेच्या तसे पुन्हा एनएससीत टाकले आणि दर तोच मिळाला. तोच मिळेल याची खात्री नसते, पण तुलनेसाठी धरू. दहा वर्षांनी २,०९,९७० होतात. पहिल्या पाच वर्षांत व्याज ४४,९०३ होतं, दुसऱ्या पाच वर्षांत ६५,०६७. ९ टक्के सरळव्याजाचे दहा वर्षांनी १,९०,००० होतात. पाचव्या वर्षी ९७ रुपयांनी पुढे असलेली योजना दहाव्या वर्षी वीस हजारांनी मागे पडली. आणि एमआयएसचं व्याज खर्च करणाऱ्याचं मुद्दल लाखच राहिलं, ते कितीही वर्षं लाखच राहणार.

रक्कम दुप्पट कधी होईल हे तोंडी काढायचं असेल तर ७२ ला दराने भागा. ७.७ ने भागलं की साधारण सव्वानऊ-साडेनऊ वर्षं येतात. याचा पडताळा पोस्टातच आहे. किसान विकास पत्राला ७.५ टक्के होते आणि रक्कम दुप्पट व्हायला ११५ महिने लागत होते. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षं, म्हणजे ११५ महिने. सरळव्याजाला हा ठोकताळा लावू नका, तिथे १०० ला भागायचं. ७.४ टक्क्यांचं व्याज नुसतं बाजूला साठवत गेलात तर दुपटीला साडेतेरा वर्षं लागतात.

एनएससीची मुदत संपली की ती आपोआप पुढे चालू राहत नाही. अर्ज करून पैसे घ्यावे लागतात आणि नवीन प्रमाणपत्र नव्याने काढावं लागतं. ते करायचं राहिलं की चक्रवाढ तिथेच तुटते.

बँकेत तिमाही चक्रवाढ असते, एनएससीत वार्षिक. मग बँक बरी ना?

दर सारखा असेल तर हो, थोडी. ७.७ टक्के तिमाही चक्रवाढीने लाखाचे पाच वर्षांनी सुमारे १,४६,४०० झाले असते. म्हणजे दीड हजार जास्त. पण बँकेचा दर कमी असेल तर हा फायदा लगेच संपतो. व्याज किती वेळा जोडतात यापेक्षा ते बाहेर काढता की नाही, याने जास्त फरक पडतो.

मध्येच पैशांची गरज लागली तर?

एनएससीची खरी अडचण इथे आहे. खातेदाराचा मृत्यू किंवा न्यायालयाचा आदेश अशा मोजक्या कारणांशिवाय ती पाच वर्षांआधी मोडता येत नाही. तारण ठेवून कर्ज मिळू शकतं, पण मग कर्जाचं व्याज तुम्ही भरणार. एमआयएस वर्षभरानंतर मोडता येते. तीन वर्षांच्या आत मोडली तर मुद्दलातून २ टक्के कापतात, त्यानंतर १ टक्का. म्हणून अडीनडीचे पैसे एनएससीत टाकू नयेत. दिवाळीच्या मालाचे तर मुळीच नाहीत.

करापुरतं एवढंच: एनएससीवर पोस्ट कर कापून घेत नाही, पण व्याज करपात्र आहे. विवरणपत्र भरत असाल तर दर वर्षी जमलेलं व्याज त्या त्या वर्षी दाखवा. नाही तर पाचव्या वर्षी चव्वेचाळीस हजारांचं उत्पन्न एकदम अंगावर येतं.

डोक्यावर कर्ज असताना असे पैसे गुंतवावेत का?

व्याज किती आहे ते बघा. बाजारात हातउचल बहुधा शेकडा दोनने मिळते, म्हणजे महिन्याला शंभरामागे दोन रुपये. ऐकायला थोडं वाटतं, पण वर्षाचे चोवीस झाले. व्याज थकवलं आणि सावकाराने ते मुद्दलात धरलं तर वर्षाला २६.८ टक्के. चक्रवाढ तीच, फक्त ती समोरच्याच्या बाजूने चालते. पोस्टातली कुठलीही योजना याची बरोबरी करत नाही. असं कर्ज असेल तर आधी ते फेडा.

अण्णांनी शेवटी काय केलं?

वहिनींनी उधारीची दुसरी वही काढली. तिच्यात माणसांकडून येणं नसून देणं लिहिलेलं होतं. मागच्या गणपतीत मालासाठी तीस हजारांची उचल घेतलेली, शेकडा दोनने. दर महिन्याला सहाशे रुपये व्याज जात होतं, आणि अण्णांनी ते कधीच हिशेबात धरलं नव्हतं. लाखभर रुपये एमआयएसमध्ये टाकून मिळाले असते ६१७. तीस हजार फेडून वाचत होते ६००.

तीस हजार त्याच आठवड्यात फेडले. उरलेल्या सत्तर हजारांची एनएससी काढली. सत्तर हजारांचे पाच वर्षांनी १,०१,४३२ होतात, म्हणजे भिशीचे लाख परत जमतात. दरमहा वाचणाऱ्या सहाशे रुपयांची आरडी वहिनींनी स्वतःच्या नावावर उघडली. तिचे पाच वर्षांनी सुमारे ४२,८०० होतील. दोन्हींची बेरीज १,४४,००० च्या वर जाते, म्हणजे पूर्ण लाख एनएससीत टाकून जेवढे मिळाले असते त्याच्या जवळपास, आणि वर सावकाराचं देणं संपलेलं.

"आरडी दुकानाच्या नावावर का नाही?" अण्णांनी विचारलं.

"दुकानाच्या नावावर ठेवली तर दर दिवाळीला मोडाल," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी फॉर्मवर सही केली.